‘चलांचे विलगीकरण’ म्हणजे नेमके काय विलग होते?

प्रश्न : ‘सेपरेशन ऑफ व्हेरिएबल्स’ला पुस्तकात ‘चलांचे विलगीकरण’ म्हटलंय. पण लाप्लासच्या समीकरणाचं शेवटचं उत्तर पाहिलं तर x आणि y एका लांबलचक बेरजेत गुंतलेलेच दिसतात. मग विलग काय झालं? आणि त्या −k² मधलं उणे चिन्ह कुठून आलं?

विलग होतं ते समीकरण, उत्तर नव्हे. पहिल्या वर्षी dy/dx = g(x)h(y) सोडवताना हाच शब्दप्रयोग भेटलेला असतो. तिथे x एका बाजूला, y दुसऱ्या बाजूला नेऊन थेट संकलन करतात आणि काम संपतं. इथे x आणि y दोन्ही स्वतंत्र चलं आहेत, त्यामुळे संकलनाचा प्रश्नच येत नाही. एका आंशिक अवकल समीकरणाची दोन साधी समीकरणं होतात, एवढाच विलगीकरणाचा अर्थ. (करोनाने हा शब्द घरोघरी पोहोचवला, गणितात तो आधीपासून होता.)

एक ठोस उदाहरण घेऊ. आयताची रुंदी a, उंची b. डावी, उजवी आणि खालची कड शून्य विभवावर; वरची कड y = b वर विभव V₀. V = X(x)Y(y) मानून लाप्लासच्या समीकरणात घाला आणि XY ने भागा:

```
X''/X = −Y''/Y
```

डावीकडे फक्त x आहे, उजवीकडे फक्त y. y जागच्या जागी ठेवून x कितीही हलवा, उजवी बाजू ढिम्म हलत नाही, म्हणून डावीही हलू शकत नाही. दोन्ही बाजू एकाच स्थिरांकाएवढ्या. त्याला λ म्हणू. विलगीकरण इथेच पूर्ण झालं.

λ चं चिन्ह मात्र समीकरण सांगत नाही, कडा सांगतात. X दोन ठिकाणी शून्य हवा: x = 0 आणि x = a. आता X'' = λX ला X ने गुणून 0 ते a संकलन करा. खंडशः संकलनात टोकांची पदं शून्य होतात आणि उरतं

```
−∫(X')² dx = λ∫X² dx
```

म्हणजे λ ऋणच. म्हणून λ = −k², X = sin kx, आणि x = a वरच्या अटीमुळे k = nπ/a. मग Y'' = k²Y, आणि खालच्या कडेवर शून्य हवं म्हणून Y = sinh(nπy/a). शून्य विभवाच्या समोरासमोरच्या दोन कडा ज्या दिशेला आहेत, त्या दिशेला साइन. ही खूण लक्षात ठेवा. इथे अदलाबदल केलीत तर e^(kx) आणि e^(−kx) यांचं मिश्रण दोन ठिकाणी शून्य करायला जाता, ते फक्त सगळंच शून्य झालं तर जमतं. उत्तर V = 0 आलं की समजावं, चिन्ह चुकलं.

आता तुमच्या शंकेचा गाभा. वरच्या कडेची अट एकट्या XY वर लादू नका. एका साइनने सपाट V₀ कधीच मिळणार नाही. समीकरण रेषीय आहे आणि बाकीच्या तीन अटी शून्याच्या आहेत, म्हणून सगळ्या n ची पदं बेरजेत घेता येतात. शेवटची अट या बेरजेला लावायची, फूरियेच्या रीतीने सहगुणक काढायचे:

```
V = (4V₀/π) Σ (1/n) sin(nπx/a) sinh(nπy/a)/sinh(nπb/a),  n = 1, 3, 5, …
```

प्रत्येक पदात x आणि y वेगळे आहेत. बेरीज मात्र एका X आणि एका Y च्या गुणाकारात मांडता येत नाही. विलगपण पदापुरतंच असतं.

उत्तर तपासायची सोय चौरसात आहे. a = b, V₀ = १०० व्होल्ट घेतल्यास केंद्रावर पहिलं पद २५.३७ देतं, दोन पदांची बेरीज २४.९९, तिसऱ्याने २५.००. ते २५च का? चारही कडा १०० वर असत्या तर आत सगळीकडे १०० असतं, आणि सममितीने प्रत्येक कडेचा केंद्रावरचा वाटा सारखाच.

वरच्या कडेवर मात्र sinh चं गुणोत्तर १ होतं आणि पदं केवळ 1/n ने घटतात. कोपऱ्याजवळ बेरीज ११८ व्होल्टच्या आसपास उसळते. पदं वाढवली तर ती उसळी कोपऱ्याकडे सरकते, उंची तेवढीच राहते. ही आकडेमोडीची चूक नाही. कोपऱ्यात शून्य आणि १०० एकाच बिंदूवर मागितले आहेत, त्याचा हा परिणाम. कडेपासून थोडं खाली उतरलात की पदं साधारण e^(−nπ(b−y)/a) या वेगाने विझतात.

लगतच्या दोन कडा शून्येतर असतील तर समोरासमोरच्या शून्य कडांची जोडीच उरत नाही आणि k ठरवता येत नाही. तेव्हा प्रश्नाचे दोन भाग करा, प्रत्येकात एकच कड जागी ठेवून बाकीच्या तीन शून्य करा, आणि दोन्ही उत्तरांची बेरीज घ्या. दुसऱ्या भागात साइन y च्या दिशेला जाईल आणि k = nπ/b येईल; तिथे सवयीने a लिहिलं जातं.