रक्तदाब जास्त, पोटॅशियम कमी: अल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तर करताना आणि वाचताना

प्रश्न: माझा मोठा भाऊ ४२ वर्षांचा आहे, देवगडला असतो. बीपीच्या तीन गोळ्या (अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन) चालू असूनही १६०/१०० च्या खाली येत नाही. पोटॅशियम ३.१ आले. एक डॉक्टर म्हणतात लघवीच्या गोळीमुळे झाले, दुसऱ्यांनी अल्डोस्टेरॉन-रेनिन रेशो करायला सांगितला. ही टेस्ट खरंच लागते का? गोळ्या बंद करून करायची की चालू ठेवून? रक्त देवगडलाच दिले तर चालेल का?

उत्तर:

टेस्ट लागते, आणि ती सांगणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे मला अधिक पटते. मी रत्नागिरीत फिजिशियन म्हणून काम करतो, त्यामुळे किनारपट्टीच्या गावांतून ही तपासणी करून घेताना नेमके कुठे घोटाळे होतात ते नेहमी पाहतो.

आधी पोटॅशियमविषयी. क्लोरथॅलिडोनने पोटॅशियम उतरते हे खरे आहे. पण आपल्या भावाला त्याच्या जोडीला टेल्मिसार्टनही चालू आहे आणि त्या गोळीचा कल पोटॅशियम धरून ठेवण्याकडे असतो. दोन्ही एकत्र घेत असताना पोटॅशियम ३.१ पर्यंत घसरणे आणि रक्तदाबही न आटोपणे, ही जोडी एकट्या लघवीच्या गोळीवर ढकलून देता येत नाही. लघवीच्या गोळीने पोटॅशियम अवाजवी खाली येणे हीच मुळात प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझम या संप्रेरकाच्या आजाराची तपासणी करण्यासाठीची एक ठरलेली खूण मानली जाते. भावाला रात्री लघवीला वारंवार उठावे लागते का, पोटऱ्यांत गोळे येतात का, जिना चढताना मांड्या लटपटतात का, एवढे मात्र विचारून ठेवा.

हा आजार समजून घ्यायला दोन संप्रेरकांचे नाते पुरते. शरीरात मीठ-पाणी कमी पडले की मूत्रपिंडे रेनिन सोडतात, रेनिनमुळे पुढे मूत्रपिंडावर बसलेली ॲड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन तयार करते, आणि अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला मीठ राखायला व त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे सोडायला लावते. मीठ पुरेसे झाले की रेनिन थांबते आणि त्यामागोमाग अल्डोस्टेरॉनही. टाकी भरली की फ्लोट वर येऊन पंप बंद व्हावा, तसे हे चालते. प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझममध्ये एका ग्रंथीतली गाठ किंवा दोन्ही ग्रंथींची वाढ त्या फ्लोटला जुमानत नाही: रेनिन जवळजवळ शून्यावर आलेले असते आणि अल्डोस्टेरॉन तरीही वाहतच असते. म्हणून एकटे अल्डोस्टेरॉन पाहून फारसे कळत नाही. त्याला रेनिनने भागायचे, म्हणजे मागणीच्या मानाने पुरवठा किती बेसुमार आहे ते दिसते.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या जेरोम कॉन यांनी १९५४-५५ मध्ये हा आजार प्रथम मांडला तो स्नायूंचा अशक्तपणा आणि उतरलेले पोटॅशियम असलेल्या एका ३४ वर्षांच्या स्त्रीवरून. त्यामुळे पोटॅशियम घसरल्याशिवाय या आजाराचा विचारच करायचा नाही, अशी सवय डॉक्टरांना बराच काळ लागून राहिली. प्रत्यक्षात यातील बहुसंख्य रुग्णांचे पोटॅशियम सामान्य असते. आपल्या भावाचे उतरले आहे, ही शोधाच्या दृष्टीने सोयीची गोष्ट म्हणायची.

आता गुणोत्तराचे आकडे. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा अल्डोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात. रेनिन मात्र दोन प्रकारे मोजले जाते. रेनिनची क्रियाशीलता मोजली असेल तर २० ते ३० च्या वरचे गुणोत्तर संशयास्पद धरतात. थेट रेनिनचे प्रमाण मिलियुनिट प्रति लिटरमध्ये मोजले असेल (रिपोर्टवर बहुधा µIU/mL लिहिलेले असते, आकडा तोच) तर हीच मर्यादा साधारण २.४ ते ३.७ होते. म्हणजे ‘रेशो ९’ हे वाक्य एका पद्धतीत निर्धास्त आणि दुसऱ्या पद्धतीत चिंतेचे आहे. काही ठिकाणी अल्डोस्टेरॉन पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये छापतात, तेव्हा आकडा दहापट मोठा दिसतो. त्याला आधी दहाने भागावे लागते. दुसऱ्याच्या रिपोर्टशी आपला रिपोर्ट ताडून पाहण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

गुणोत्तर फसवते ते दोन्ही बाजूंनी. एका रुग्णाचे उदाहरण देतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पंचेचाळिशीचे गृहस्थ, मासेमारीच्या होडीवर कामाला. धक्क्यावरून होडीत उतरताना पाय साथ देईनात म्हणून आले. तीन गोळ्यांवर रक्तदाब १७० च्या घरात आणि पोटॅशियम २.९ होते. पोटॅशियम तसेच असताना कोणीतरी आधीच रेशो करून घेतला होता: अल्डोस्टेरॉन ८.२, थेट रेनिन ४.१, गुणोत्तर २.०. रिपोर्टवर ‘मर्यादेत’ असे लिहिलेले, म्हणून कागद फाईलमध्ये गेला.

तो कागद पुन्हा वाचण्यासारखा होता. पोटॅशियम स्वतःच ॲड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन बनवायला उद्युक्त करते. ते उतरले की रोगट ग्रंथीसुद्धा तात्पुरती मंदावते आणि गुणोत्तराचा अंश लहान होतो. शिवाय ते गृहस्थ टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन घेत होते. या दोन्ही गोळ्या रेनिन वर ढकलतात, म्हणजे छेद मोठा करतात. इतके असूनही रेनिन ४.१ वरच होते. निरोगी माणसाचे रेनिन या गोळ्यांवर चांगलेच चढायला हवे होते. गुणोत्तर ‘मर्यादेत’ असले तरी दबलेले रेनिन आपली कथा सांगतच होते.

आम्ही पोटॅशियम क्लोराइडचे सिरप देऊन पोटॅशियम ४ वर आणले, क्लोरथॅलिडोन चार आठवडे थांबवून त्या जागी प्राझोसिन दिले, कारण त्याचा या दोन संप्रेरकांवर फारसा परिणाम होत नाही. जेवणातले मीठही मुद्दाम कमी करू दिले नाही. दुसऱ्या वेळी अल्डोस्टेरॉन २३.४ आणि रेनिन १.८ आले, गुणोत्तर १३. माणूस तोच, ग्रंथी तीच.

उलट बाजूही पाहा. एखाद्या सत्तरीच्या आजींचे अल्डोस्टेरॉन ४ आणि रेनिन ०.५ असेल तर गुणोत्तर ८ येते आणि रिपोर्टवर तांबडी खूण पडते. वाढते वय, क्षीण मूत्रपिंडे, सांधेदुखीच्या गोळ्या, ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर औषधे, यांनी रेनिन असेही खाली बसते, आणि छेद अगदी लहान झाला की कोणताही भागाकार फुगतो. म्हणून गुणोत्तराबरोबर अल्डोस्टेरॉन स्वतंत्रपणे निदान १० च्या आसपास किंवा वर आहे ना, हे पाहावेच लागते.

यावरून गोळ्यांचा प्रश्न सुटतो. १६०/१०० असलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. आधी पोटॅशियम ४ च्या जवळ आणून, आहेत त्या गोळ्यांवरच पहिली तपासणी करणे बहुतेकांसाठी योग्य ठरते. आपल्या भावाच्या दोन गोळ्या रेनिन वाढवणाऱ्या आहेत. तरीही रेनिन दबलेले आणि अल्डोस्टेरॉन वर निघाले तर तो निकाल अधिकच भक्कम. रेनिन दबलेले नसेल, तर मात्र आजार नाही असे म्हणता येत नाही. तेव्हा डॉक्टर गोळ्या बदलून, चार आठवड्यांनी पुन्हा पाहतील. अल्डोस्टेरॉनचे काम रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन हे औषध अजून सुरू केलेले नसेल तर रक्त देईपर्यंत सुरू करू नये, कारण तेच या तपासणीला सर्वांत जास्त बिघडवते.

शहाळ्याचे पाणी पोटॅशियमसाठी चांगले, पण ३.१ वरून ४ वर नेण्याचे काम त्याच्यावर सोपवू नका. सिरपचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे आणि टेल्मिसार्टन चालू असल्याने मधूनमधून रक्त तपासावे. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात अळणी जेवण सुरू करू नका. एरवी सुकट-बोंबील कमी करा असे मीच सांगतो, पण मीठ एकदम तोडले की रेनिन वर येते आणि आजार झाकला जातो. भाऊ खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा किंवा चाटण नियमित घेत असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा. ज्येष्ठमधातील द्रव्यामुळे कॉर्टिसोल हे संप्रेरकच मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉनचे काम करू लागते: रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते, रेनिन दबते, पण अल्डोस्टेरॉनही खालीच असते. काढा थांबवल्यावर काही आठवड्यांत हे सगळे आपोआप निवळते.

देवगडला रक्त द्यायला हरकत नाही, मात्र तिथल्या लॅबवाल्याला एकच गोष्ट स्पष्ट विचारा: प्लाझ्मा तिथेच वेगळा करून लगेच गोठवता का? आपल्याकडे ‘लांब जायचे आहे, खराब होऊ नये’ म्हणून रक्ताची अख्खी नळी बर्फाच्या डब्यात घालून गाडीला लावून देतात. रक्तात निष्क्रिय स्वरूपात असलेले प्रोरेनिन थंडाव्यात, न गोठता, सक्रिय रेनिनसारखे वागू लागते. रेनिनचा आकडा खोटाच वाढतो आणि गुणोत्तर खोटेच खाली येते. नळी खोलीच्या तापमानाला ठेवून तिथेच सेंट्रीफ्यूज करणे, मग प्लाझ्मा पक्का गोठवून पाठवणे, हाच बरोबर क्रम आहे. तशी सोय नसेल तर सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या मोठ्या लॅबमध्ये प्रत्यक्ष जाऊन रक्त द्यावे. सकाळी उठून दोन तास हालचाल झालेली असावी, नंतर दहा-पंधरा मिनिटे बसून राहावे आणि मग रक्त काढावे. त्याच वेळी पोटॅशियमही मोजावे, आणि शीर सापडावी म्हणून मूठ वारंवार आवळायला लावू देऊ नये. त्याने पोटॅशियम खोटेच वर दिसते.

निकाल संशयास्पद आला तर पुढची पायरी मोठ्या शहराची आहे. वर सांगितलेल्या गृहस्थांना मुंबईत चार तासांत दोन लिटर सलाईन दिले, त्यानंतरही अल्डोस्टेरॉन १६ राहिले. निरोगी माणसात ते ५ च्या खाली उतरते. सीटी स्कॅनमध्ये डाव्या ग्रंथीत गाठ दिसली, पण गाठ दिसली म्हणजे तीच दोषी असे नसते, कारण निरुपद्रवी गाठी बऱ्याच जणांत सापडतात. म्हणून दोन्ही ॲड्रिनल शिरांमधून रक्त घेऊन स्राव कुठून येतो ते पाहिले. हे काम अवघड असते. उजवी शीर आखूड असून थेट मोठ्या शिरेला मिळते, तिच्यात नळी घालायला सरावाचा हात लागतो. डाव्याच बाजूचा दोष ठरल्यावर दुर्बिणीने ती ग्रंथी काढली. आता त्यांना सिरप लागत नाही, अम्लोडिपिनची एक लहान गोळी मात्र चालू आहे. पोटॅशियम जवळजवळ नेहमीच सुधारते, रक्तदाबाच्या सगळ्या गोळ्या सुटतातच असे नाही. दोन्ही ग्रंथींचा दोष निघाला असता तर शस्त्रक्रियेऐवजी स्पायरोनोलॅक्टोन द्यावे लागले असते, आणि पुरुषांत त्याने छाती सुजू-दुखू लागली तर एप्लेरेनोन.