डोव्हर-कॅले फेरीला किती वेळ धरावा?

लंडनहून भाड्याच्या गाडीने पॅरिसला जायचंय, मॅप फेरीचा दीड तास दाखवतो, तेवढाच धरू का?

नाही, पोर्टच्या गेटपासून पलीकडच्या रस्त्यापर्यंत चार तास धरा. आम्ही पुण्याहून जाऊन हाच रूट केलाय. फ्रान्सचा पासपोर्ट चेक डोव्हरलाच होतो, आपल्या पासपोर्टवर शेंगेन व्हिसा बघतात, मग चेक-इन, मग लेनमध्ये गाडी लावून बसायचं. म्हणजे १० ची बोट असेल तर ८ ला पोर्टवर हवं, साडेअकराला कॅले, गाड्या उतरेपर्यंत बारा, आणि फ्रान्सचं घड्याळ एक तास पुढे म्हणून तिथे एक वाजलेला असतो! पॅरिस अजून तीन तास. तुपाचे लाडू, पेढे नेऊ नका, दुधाचे पदार्थ कस्टम्सला चालत नाहीत. फक्त उन्हाळी सुट्टीतल्या शनिवारी हे चार तासही कमी पडतात.