काळा नसलेला ‘कृष्ण पदार्थ’, आणि चौपट नसलेला ‘चौथा घात’

‘मुलाच्या वहीत वाक्य आहे : “कृष्ण पदार्थाचे तापमान दुप्पट केल्यास प्रारण चौथ्या घाताने वाढते.” तो त्याचा अर्थ चौपट असा घेतो. चौथा घात म्हणजे चौपटच ना? आणि लालभडक तापलेल्या लोखंडी गोळ्याला कृष्ण का म्हणायचं? – नागपूर’

चौपट नाही, सोळापट. ‘पट’ म्हणजे त्या संख्येने गुणणं आणि ‘घात’ म्हणजे संख्येला स्वतःनेच पुन्हा पुन्हा गुणणं. आपल्या जुन्या गणितात गुणाकारालाच घात, वध, हनन असे शब्द होते. मारणे या अर्थाचा धातू गुणाकाराकडे वळला, म्हणून ‘विश्वासघात’ आणि ‘चौथा घात’ यांत एकच शब्द दिसतो. चौथ्या घाताला त्या गणितात ‘वर्गवर्ग’ म्हणत. मला तो आजही जास्त आवडतो, कारण करायचं काय हे तो शब्दच सांगतो : वर्ग करा, मग त्याचा वर्ग करा. दोनाचा वर्ग चार, चाराचा वर्ग सोळा. मुलाला एकदा असं करायला लावा, चौपट पुन्हा येणार नाही. शिवाय नागपुरात हिंदी सतत कानावर असते आणि तिच्यात ‘चौपट’ म्हणजे बट्ट्याबोळ. तो अर्थही मनातून बाजूला ठेवावा लागतो.

पण वहीतल्या त्या वाक्यात खरी मेख ‘दुप्पट’ या शब्दात आहे. कशाच्या दुप्पट? आपण रोज बोलतो ते सेल्सिअस अंश इथे चालत नाहीत. त्यांचा शून्य म्हणजे फक्त पाणी गोठण्याची खूण. मोजणी निरपेक्ष शून्यापासून करायची, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून केल्विन घ्यायचे. आपल्याच गावचं उदाहरण घ्या. मे महिन्यात ४५ अंशांवर आलेली भिंत आणि डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांवर आलेली तीच भिंत. अंश तिप्पट, म्हणून कुणी तिनाचा वर्गवर्ग करून ८१ पट सांगेल. केल्विनमध्ये मात्र ही तापमानं ३१८ आणि २८८ आहेत, आणि त्यांच्या गुणोत्तराचा चौथा घात दीडाच्या आसपास येतो. मेमधली भिंत डिसेंबरच्या भिंतीपेक्षा दीडपटच प्रारण टाकते.

हा नियम सापडला तोच या हिशेबातून. व्हिएन्नातल्या योझेफ स्टेफान यांनी १८७९ मध्ये टिंडल यांची तापलेल्या प्लॅटिनम तारेची मापं हाताशी घेतली. तार मंद लाल असताना तिचं तापमान सुमारे ५२५ अंश धरलं होतं आणि पांढरी होईपर्यंत तापवल्यावर १२००. प्रारण वाढलं होतं ११.७ पट. सेल्सिअस आकड्यांच्या गुणोत्तराचा चौथा घात केला तर २७ येतो, म्हणजे मेळच नाही. केल्विनमध्ये ७९८ आणि १४७३ घेतले की ११.६ येतो. पुढे १८८४ मध्ये त्यांचे शिष्य बोल्ट्झमन यांनी हाच नियम सिद्धान्तातून काढून दाखवला. प्लॅटिनम काही आदर्श कृष्ण पदार्थ नाही, तरी आकडे इतके जुळले, यात थोडा नशिबाचा हात होता असं मला वाटतं.

आता ‘कृष्ण’. हे नाव जर्मनमधून आलं; किर्खोफ यांनी १८६० मध्ये ते रूढ केलं. ते नाव वस्तूच्या दिसण्याला दिलेलं नाही. अंगावर पडलेला सगळा प्रकाश आणि उष्णता जी पूर्ण शोषून घेते, काहीच परतवत नाही, ती वस्तू कृष्ण. थंड असताना ती काळी दिसते एवढंच. किर्खोफ यांचं म्हणणं असं की जो पदार्थ जितका चांगला शोषतो, तितकाच चांगला उत्सर्जितही करतो. म्हणून तापवल्यावर सगळ्यांत तेजस्वी तोच दिसतो. चकचकीत पत्र्यावर काजळीचा डाग असेल आणि पत्रा लाल होईपर्यंत तापवला, तर तो डागच आजूबाजूच्या धातूपेक्षा उजळ दिसू लागतो. अशी प्रत्यक्षातली जवळजवळ आदर्श ‘कृष्ण’ वस्तू म्हणजे बंद भट्टीला ठेवलेलं बारीक भोक. आतल्या भिंती आणि भांडी एकाच तापमानाला आली की भोकातून पाहणाऱ्याला भांड्यांच्या कडाच दिसेनाशा होतात, सगळं एकसारखं तेज होतं. तुमचा लाल गोळा काळा नाही. त्याच्या अंगावरचा लोखंडाच्या ऑक्साइडचा काळपट थर त्याला कृष्ण पदार्थाच्या बराच जवळ नेतो.

‘थंड होण्या’चा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण वहीत पुढचं उदाहरण बहुधा तेच असणार. म्हणून दोन गोळे घेऊ : एकाचा व्यास २ सेंटिमीटर, दुसऱ्याचा ४. दोन्ही लोखंडी, अंग काळवंडलेलं, तापमान २२७ अंश म्हणजे ५०० केल्विन. खोली २७ अंशांवर. हवेने नेलेली उष्णता सध्या सोडून द्या. लहान गोळा प्रारणाने सेकंदाला जवळपास ४ जूल गमावतो. मोठ्याचा पृष्ठभाग चौपट, म्हणून तो साधारण १६ जूल गमावतो (इथे ‘चौपट’ अगदी बरोबर आहे!). मग मोठा आधी निवेल? नाही. त्याचं वजन आठपट आहे, लहान ३३ ग्रॅम आणि मोठा २६४. चौपट गळती आठपट साठ्यातून होते, म्हणून सुरुवातीला लहानाचं तापमान मिनिटाला सुमारे १४ अंशांनी उतरतं आणि मोठ्याचं ७ अंशांनी. मोठा जास्त उष्णता टाकतो आणि तरीही उशिरा निवतो. परीक्षेत ‘उष्णता गमावण्याचा दर’ विचारलाय की ‘तापमान उतरण्याचा दर’, हे वाचण्यात सगळा घोळ होतो.

प्रत्यक्षात या तापमानाला हवाही बरीच उष्णता नेते, म्हणून दोन्ही गोळे वरच्या आकड्यांपेक्षा लवकर उतरतील. पंखा लावून पाहा : दर वाढला, तर ती वाढ हवेची. गोळ्याचं तापमान तेच असताना प्रारणाला पंख्याने काही फरक पडत नाही.

वर मी ‘निवतो’ म्हटलं ते मुद्दाम. चहा निवतो, तवा निवतो, म्हणजे भोवतालच्या मानाने उतरतो आणि भोवतालाशी बरोबरी झाली की निवणं संपतं. त्यापुढे जायचं तर गार करावं लागतं, गारठवावं लागतं. हिशेबातही हेच आहे. गोळा उष्णता टाकतो तशी खोलीच्या भिंतीही त्याच्यावर टाकत असतात, म्हणून निव्वळ गळती दोन चौथ्या घातांच्या वजाबाकीची असते : गोळ्याच्या तापमानाचा, वजा खोलीच्या तापमानाचा. ५०० केल्विनच्या गोळ्याच्या बाबतीत वजा होणारा भाग १३ टक्केच असतो, पण गोळा ३७ अंशांवर आला की जे टाकतो त्यातलं बहुतेक भिंतींकडून परत मिळतं. म्हणून शेवटचे दहा अंश उतरायला इतका वेळ लागतो.

मुलाने वहीत असं लिहावं : ‘कृष्ण पदार्थाचे केल्विनमधील तापमान दुप्पट केल्यास त्याचे प्रारण सोळापट होते.’ आणि ‘विकिरण’ हा हिंदी पुस्तकांतला शब्द मध्येच घालू नये. वहन, अभिसरण, प्रारण हे मराठीतलं त्रिकूट शाळेपासून ठरलेलं आहे.