दुसऱ्या वर्षाचा डॉलर आजच्या भावाने धरू नका

अमेरिकेत दोन वर्षांचं एमएस करायचं असेल, तर कर्ज रुपयांत मंजूर होतं आणि फी डॉलरमध्ये भरायची असते, हे आधी लक्षात घे. समज, वर्षाला फी आणि राहणं मिळून ४०,००० डॉलर. ९० रुपयांच्या भावाने ३६ लाख होतात. पुढच्या वर्षी भाव ९५ झाला, तर ३८ लाख. हे वरचे दोन लाख ऐनवेळी कुठून आणणार? म्हणून दुसऱ्या वर्षासाठी पाचेक रुपये चढा भाव धरूनच कर्ज मंजूर करून घे. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. आणि भाव गूगलवरचा नको, बँकेचा टीटी सेलिंग रेट, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक ज्या भावाने डॉलर विकते तो, विचार. तो जास्त असतो.