बाळ सव्वादोन किलोचे, मग वजन १० किलोने कसे वाढले?

“मॅडम, आठवा महिना संपत आलाय. माझं वजन दहा किलोनं वाढलंय आणि सोनोग्राफीत बाळ सव्वादोन किलोचंच दाखवतंय. मग बाकीचं सगळं माझ्याच अंगावर चढलंय का? मी रात्रीचं जेवण बंद केलंय.”

कोल्हापुरात राजारामपुरीत आहार-समुपदेशन करताना मी त्यांचे तपासणी कार्ड पुढे घेतले. सुरुवातीला ५० किलो, चौतिसाव्या आठवड्यात ६०, रक्तदाब व्यवस्थित. मग कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही दोघींनी हिशेब मांडला.

बाळाचे २.२ किलो, वार सुमारे अर्धा किलो आणि गर्भजल पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे गर्भाशयाच्या आतच साधारण साडेतीन किलो झाले. गरोदरपणापूर्वी मूठभर असलेले गर्भाशय आता स्वतःच सुमारे ९०० ग्रॅमने वाढलेले असते आणि स्तनांचे वजन ३०० ते ४०० ग्रॅमने वाढते. वारेला पुरवठा करण्यासाठी शरीरात रक्तही वाढते, त्याचे वजन सव्वा किलोच्या वर जाते. (त्यात पातळ भाग तांबड्या पेशींपेक्षा अधिक वाढतो, म्हणून हिमोग्लोबिनचा आकडाही थोडा खाली येतो.) ही बेरीज सहा किलोंवर पोचली. उरलेल्या सुमारे चार किलोंपैकी तीनेक किलो चरबी आणि बाकीचे ऊतींमध्ये साठलेले पाणी. हे सरासरी अंदाज आहेत, प्रत्येकीत थोडा फरक पडतो.

ही चरबी मुख्यतः तिसाव्या आठवड्यापर्यंत साठते आणि पुढे अंगावर पाजताना लागणाऱ्या ऊर्जेचा काही भाग तिच्यातून येतो. त्यानंतर बाळ स्वतः आठवड्याला सुमारे २०० ग्रॅमने वाढत असते, त्यामुळे नेमक्या याच काळात रात्रीचे जेवण बंद करणे मला सर्वांत चुकीचे वाटले. या महिन्यांत रात्रभराच्या उपासानेही शरीर लवकर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन वाढतात. मी त्यांना रात्री भाकरी, डाळ, भाजी आणि झोपताना दूध पुन्हा सुरू करायला सांगितले.

त्यांच्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगितली. वजन आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वाढत असेल तर चिंता नाही. पण एकाच आठवड्यात एक-दीड किलो वाढले, अंगठी घट्ट झाली, चेहरा सुजला, तर ती चरबी नसून साठलेले पाणी असते, आणि सोबत डोके दुखत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात रक्तदाब व लघवीतील प्रथिने तपासावीत.

प्रसूतीच्या आदल्या दिवशी त्यांचे वजन ६२ किलो होते आणि बाळ २.९ किलोचे झाले. दुसऱ्याच दिवशी वजन ५७ भरले, कारण बाळ, वार, गर्भजल आणि थोडे रक्त एकदमच बाहेर पडते. पुढच्या दोन आठवड्यांत साठलेले पाणी लघवी व घामावाटे जाऊन ते साडेचोपन्नवर आले. उरलेल्या साडेचार किलोंत मुख्यतः ती चरबी, दूध भरलेले स्तन आणि अजून आकसत असलेले गर्भाशय होते.