व्हेंडरचा करार वाचताना खऱ्या तारखा आणि खरे आकडे घाला

प्रश्न: मी वकील नाही, मॅनेजर आहे. पगार-हजेरीच्या सॉफ्टवेअरचा करार तपासायला माझ्याकडे आलाय. ऑटो-रिन्यूअल, लायबिलिटी आणि टर्मिनेशनमध्ये नेमकं काय बघू?

तिन्ही क्लॉज शोधा आणि त्यांत तुमच्या तारखा, तुमच्या रकमा घालून बघा. समजा करार १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२७ आहे आणि फी दरमहा ५० हजार, म्हणजे वर्षाला ६ लाख.

‘मुदत संपण्याच्या किमान ९० दिवस आधी लेखी नोटीस न दिल्यास करार एक वर्षाने वाढेल’ असं असेल, तर तुमची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२६ ठरते. मग मागच्या पानांवरचा नोटिशीचा क्लॉज बघा. ई-मेल चालतो का, आणि नोटीस पाठवल्याची तारीख धरतात की पोचल्याची, हे तिथे असतं. रजिस्टर्ड पोस्टच लागत असेल आणि पोचल्याची तारीख धरत असतील, तर पत्र डिसेंबरच्या सुरुवातीलाच निघायला हवं. रिन्यूअल काढून टाका म्हणून अडून बसण्यापेक्षा नोटीस ३० दिवसांवर आणा, ई-मेल मान्य करून घ्या आणि दरवाढीची मर्यादा लिहून घ्या.

टर्मिनेशन याच्याच जोडीने वाचा. कारण न देता करार संपवायचा हक्क फक्त व्हेंडरला असेल, तर डिसेंबर हुकला की पुढच्या वर्षाचे ६ लाख तुमच्या गळ्यात. तो हक्क दोघांनाही हवा. चुकीसाठी करार संपवायचा तर व्हेंडरला बहुधा ३० दिवसांची सुधारण्याची मुदत असते. पगार दर महिन्याला होतो. चूक मुदतीत सुधारली आणि पुढच्या पगाराला तीच चूक पुन्हा झाली, तर मुदत परत पहिल्यापासून मोजतात. म्हणून ‘सहा महिन्यांत तीच चूक पुन्हा झाल्यास मुदत लागू नाही’ हे वाक्य घालायला सांगा.

सगळ्यात जास्त वेळ लायबिलिटीला द्या. ‘घटनेआधीच्या १२ महिन्यांत भरलेल्या फीएवढीच जबाबदारी’ हे वाक्य वाजवी वाटतं. पण जूनच्या सुरुवातीला कर्मचाऱ्यांचे बँक तपशील फुटले, तर तोवर तुम्ही भरलेत जेमतेम १ लाख, आणि व्हेंडरची जबाबदारीही तेवढीच. तिथे ‘भरलेली किंवा देय असलेली पूर्ण वार्षिक फी’ करून घ्या. शिवाय ‘अप्रत्यक्ष नुकसान’ची व्याख्या वाचा. अशा नुकसानीची भरपाई करारात सहसा वगळलेली असते, आणि बऱ्याचदा डेटा गमावणं त्यातच टाकलेलं असतं, म्हणजे भरपाई शून्य. डेटा फुटणं आणि गोपनीयतेचा भंग या मर्यादेबाहेर काढायला सांगा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी, व्हेंडरकडून होणाऱ्या प्रक्रियेची जबाबदारी तुमच्या कंपनीवरच ठेवली आहे. व्हेंडर अमर्याद जबाबदारी सहसा घेणार नाही. मग या दोन गोष्टींसाठी वेगळी, मोठी मर्यादा मागा, वार्षिक फीच्या तिप्पट वगैरे. तेही नाकारलं, तर त्या करारावर स्वतः निर्णय घेऊ नका. ही जोखीम पत्करायची का, हे फायनान्स आणि वकिलाकडून लेखी घ्या.