अनुदानातली खरेदी आणि बिलाची तारीख

मार्च संपला की देणगीदारांचे ऑडिटर येतात आणि माझ्याकडे तेच तेच प्रश्न येतात. त्यातले चार घेतो.

बिल सेक्रेटरींच्या नावावर आहे, ट्रस्टचं नाव पेनाने लिहिलं तर चालेल का? (खानापूर)

नाही. दुकानदाराकडून ट्रस्टच्या नावाने रीतसर दुरुस्त बिल घ्या.

कोल्हापुरात जाऊन खुर्च्या घेतल्या. दुकानदाराने सीजीएसटी, एसजीएसटी लावलाय. सगळे म्हणतात आयजीएसटी हवा. ट्रस्टला जीएसटी नंबर नाही. (निपाणी)

सगळे म्हणतात ते या वेळी बरोबर आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून, नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर असेल तर त्याचंच राज्य धरलं जातं. पत्ता निपाणीचा, म्हणजे कर्नाटक, म्हणून आयजीएसटी. एकूण कर तेवढाच राहतो. तुमच्या बिलावर पत्ता आहे का ते आधी बघा. असेल तर दुकानदाराला दुरुस्ती करायला सांगा आणि तुमच्या सीएला दाखवा.

३१ मार्चला अनुदान संपतंय, शिलाई मशीन एप्रिलमध्ये येतील. दुकानदार म्हणतो, "बिल मार्चचं देतो, काळजी नको." (बेळगाव)

काळजी इथेच आहे. दुकानदाराला विक्री हवी असते. उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात. ओळखीच्या एका ट्रस्टने असंच केलं. १,१२,००० रुपयांच्या मशीनचं बिल २९ मार्चचं, पैसे ३० मार्चला बँकेतून गेले, माल १७ एप्रिलला कोल्हापूरहून आला. फाइल नीटनेटकी होती. ऑडिटरने ई-वे बिल मागितलं. दुसऱ्या राज्यातून ५०,००० च्या वरचा माल म्हटल्यावर ते लागतंच. त्यावर बिलाचा नंबर तोच, पण ते काढलेलं १६ एप्रिलला. डिलिव्हरी चलन आणि वॉरंटी कार्डही एप्रिलचंच. स्टॉक रजिस्टरात मात्र २९ मार्च! खरेदी खरी, मशीन खरी, तरी देणगीदाराने सगळा खर्च नाकारला. खोटी नोंद एकदा सापडली की ऑडिटर उरलेली बिलंही भिंगातून बघतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

सरळ वाट अशी. मार्चमध्ये पैसे द्यावेच लागले तर अॅडव्हान्सची पावती घ्या आणि हिशोबात तो अॅडव्हान्सच दाखवा. मुदत संपण्याआधी देणगीदाराला पत्र किंवा मेल टाकून मुदतवाढ मागा, लेखी उत्तर फाइलला लावा. फोनवरचं "हो हो, चालेल" ऑडिटरला दिसत नाही. मार्चमध्ये दिलेली ऑर्डर काही करारांत चालते, काहींत माल हातात आलेला लागतो. तेव्हा करार घेऊन सीएकडे जा, आणि आजच जा. ३० तारखेला येऊ नका.

बिल कानडीत आहे, ऑडिटर मुंबईचे. दुसरं मागायचं का? (चिकोडी)

गरज नाही. व्हाउचरवर तपशील इंग्रजीत लिहा, मूळ बिल तसंच ठेवा.